पाऊणकीचा पाढा आणि लंडनचे बिल

परदेशातील उपाहारगृहात बिल हाती आले की भारतीय मन दोन गणिते एकाच वेळी करू लागते. हे आपल्या पैशांत किती झाले, हे पहिले. वेटरला किती ठेवणे रास्त, हे दुसरे. आज मोबाइलमुळे पहिले गणित क्षणात सुटते, दुसरे मात्र तितकेसे सुटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नेमके उलटे होते. खानदेशातून भुसावळला गाडी धरून मुंबई गाठणाऱ्या आणि तेथून बोटीने विलायतेस जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले गणित करण्यासाठी कागदाचीही गरज नव्हती. ते त्याला मराठी शाळेच्या दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेतच पाठ झालेले असे, फक्त त्याचा उपयोग लंडनमध्ये होणार आहे हे त्याच्या पंतोजींना ठाऊक नसे.

जुन्या मराठी शाळांत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचे पाढेही घोकून घेत. पावकी म्हणजे पावाचा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा, त्यापुढे सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी. हे सारे बाजारासाठी होते. कापसाचा भाव, धान्याची मापे, व्याजाचे हिशेब, सगळीकडे पाव-अर्धा-पाऊणच चाले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. दशांश पद्धतीला या जगात जागाच नव्हती.

इंग्लंडचे चलनही असेच अडगळीचे होते. पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. पेनीचा चौथा भाग तो फार्दिंग. रुपया-आणे-पै आणि पौंड-शिलिंग-पेन्स ही दोन विक्षिप्त कोष्टके एकमेकांशी जुळणे हा खरे तर योगायोग, पण तो जुळून आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत चांदीचा भाव घसरत गेला आणि चांदीचा रुपयाही त्याबरोबर घसरला. १८७०च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांना जाणारा रुपया १८९४-९५ मध्ये एक शिलिंग एक पेनीच्या आसपास आला. इंग्लंडमधील देणी पौंडांत फेडावी लागणाऱ्या सरकारचे त्यामुळे धाबे दणाणले. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, रुपयांचा पुरवठा आवळला, आणि पुढे फाउलर समितीच्या शिफारशीनुसार १८९९ मध्ये १ रुपया म्हणजे १ शिलिंग ४ पेन्स हा दर पक्का झाला. पौंडाला पंधरा रुपये.

आता या दराकडे पेन्सच्या नजरेतून पाहावे. १ शिलिंग ४ पेन्स म्हणजे १६ पेन्स. रुपयाचे आणेही सोळा. म्हणजे एक पेनी बरोबर एक आणा. फार्दिंग बरोबर एक पैसा. अर्धी पेनी म्हणजे आपला ढब्बू. आणि शिलिंग? बारा पेन्स, म्हणजे बारा आणे, म्हणजेच पाऊण रुपया. लंडनच्या बिलातील शिलिंगांचे रुपये करायचे तर पाऊणकी म्हणायची आणि वरचे पेन्स आणे म्हणून तसेच वाचायचे. बँकेच्या हुंडीचा प्रत्यक्ष दर किंचित इकडेतिकडे हाले, पण तो फरक एका पेनीच्याही लहानशा अंशाचा असे. जेवणाच्या बिलात तो कुणाला दिसला नसता.

एक बिल घेऊन पाहू. समजा, १९१० साली दोघांच्या जेवणाचे बिल ३/६ असे लिहून आले. हे वाचताना नवखा माणूस पहिल्यांदा फसे, कारण ही तिरकी रेघ अपूर्णांकाची नव्हे. डावीकडे शिलिंग, उजवीकडे पेन्स, म्हणजे तीन शिलिंग सहा पेन्स. पाऊणकी तीन, सव्वादोन रुपये. सवा दोनचे चार आणे आणि वरचे सहा आणे मिळून दहा. एकूण दोन रुपये दहा आणे. पडताळा हवा तर सगळ्याचे पेन्स करावेत. तीन बारा छत्तीस, अधिक सहा, बेचाळीस. बेचाळीस आण्यांतून बत्तीस गेले की दोन रुपये, उरले दहा. उत्तर जुळते.

आता बक्षिसी. त्या काळच्या प्रवाशांचा आधार म्हणजे बेडेकरची प्रवासमार्गदर्शके (हे जर्मन प्रकाशक, कोकणातले बेडेकर नव्हेत). लंडनवरील त्यांच्या पुस्तकात उपाहारगृहातील रिवाज स्पष्ट सांगितलेला असे. बिलाच्या प्रत्येक शिलिंगामागे साधारण एक पेनी, आणि कितीही झाले तरी माणशी सहा पेन्सच्या वर देण्याचे कारण नाही. बिलात ‘अटेंडन्स’ म्हणून सेवेची रक्कम आधीच लावलेली असेल तर आणखी देण्याचे बंधन नाही, तरी थोडेसे ठेवण्याची पद्धत आहे. आजच्या सर्व्हिस चार्जचा हा पूर्वजच म्हटला पाहिजे, आणि त्याविषयीचा संभ्रमही तेव्हापासूनच सोबत आला आहे.

शिलिंगामागे पेनी म्हणजे बाराव्वा हिस्सा, शेकडा सव्वाआठ-साडेआठच्या दरम्यान. पण शेकडेवारीची गरजच नव्हती. बिलात जितके शिलिंग तितके पेन्स, बस. आपल्या ३/६च्या बिलावर साडेतीन पेन्स होतात. व्यवहारात कुणी तीन ठेवी, कुणी चार. माणशी सहा पेन्सची मर्यादा येथे आडवी येत नाही. ती सहा शिलिंगांच्या वर माणशी खर्च झाला तरच कामी येते, आणि विद्यार्थी त्या वाटेला फारसा जात नसे.

येथवर सगळे सुरळीत होते. घोटाळा पुढच्या पायरीवर होई. तीन-चार पेन्स म्हणजे तीन-चार आणे हे गणित डोक्यात इतके सहज घडे की त्याचा अर्थही घरचाच लागे. खानदेशातल्या शेतमजुराची दिवसभराची मजुरी त्या काळी काही आण्यांचीच होती. ताटल्या आणून ठेवणाऱ्याला आपल्याकडच्या दिवसाच्या मजुरीइतकी रक्कम द्यायची? मग हात आखडे आणि टेबलावर एकच पेनी राही. रूपांतर अचूक, निष्कर्ष चुकीचा. कारण त्या वेटरला भाकरी खानदेशच्या भावाने मिळत नव्हती. त्याचे घरभाडे, त्याचा पाव, त्याचा चहा सारे लंडनच्या भावाने होते. शिवाय अनेक उपाहारगृहांत मालकाकडून मिळणारा पगार नाममात्र असे आणि बक्षिसी हीच खरी मिळकत असे. रूपांतराने फक्त इतके कळते की हे जेवण देणाऱ्याच्या खिशाला किती जड गेले. घेणाऱ्याचा रास्त वाटा किती, हे त्याच गावच्या बिलाच्या प्रमाणातच मोजावे लागते. शिलिंगामागे पेनी हा नियम नेमके तेच करत होता, आणि म्हणूनच तो रुपयात न आणता पेन्समध्येच लावणे योग्य होते.

अटलांटिकच्या पलीकडे हिशेब वेगळा होता. जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले, कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी. बडोदा संस्थानची त्यांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. म्हणजे रुपयांत १७२ रुपये ८ आणे. पण खर्च डॉलरमध्ये. त्या वेळी पौंडाला सुमारे ४.८७ डॉलर मिळत, म्हणून महिन्याला साधारण ५६ डॉलर, दिवसाला दोन डॉलरांहूनही कमी, आणि त्यातूनच खोली, पुस्तके, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे. तीन चलनांची ही साखळी ऐकायला अवघड वाटते, पण तिच्यातही एक सोपी कडी होती. पौंडाला पंधरा रुपये आणि ४.८७ डॉलर, तर रुपयाला सुमारे साडेबत्तीस सेंट, आणि सोळा आण्यांनी भागले की आण्याला जेमतेम दोन सेंट. बिलातील सेंट अर्धे केले की आणे मिळत. तीस सेंटांचे जेवण पंधरा आण्यांचे. येथे निमकी उपयोगी पडे, पाऊणकी नव्हे.

अमेरिकेत तेव्हा दहा टक्क्यांचा रिवाज रुळत होता, म्हणजे तीस सेंटांवर तीन सेंट. गंमत अशी की त्याच वर्षांत अमेरिकेत बक्षिसीविरुद्ध मोहीमही जोरात होती. माणसाने माणसाला अशी चिरीमिरी देणे लोकशाहीला शोभत नाही, असा तिचा दावा होता. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने बक्षिसीवर कायद्याने बंदी घातली, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी तेच केले. पण हे कायदे कुणी पाळले नाहीत आणि १९२६ पर्यंत ते सगळे रद्द झाले. पगार तसाच तुटपुंजा ठेवून बक्षिसी बंद करता येत नाही, हे उघड होते, पण कायदे करणाऱ्यांना ते उशिरा सुचले.

डॉ. आंबेडकर १९२० मध्ये अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले तेव्हा पेनी-आण्याचे ते सुखाचे समीकरण उरले नव्हते. पहिल्या महायुद्धात चांदी भडकली. रुपयातील चांदीची किंमत रुपयाहून अधिक होण्याची वेळ आली, तेव्हा सरकारने १९१७ पासून रुपयाचा दर एकेक पायरी चढवत नेला. १९२० च्या फेब्रुवारीत तर बाजारात रुपयाला अडीच शिलिंगांहूनही अधिक मिळत होते. सरकारने सोन्याच्या हिशेबाने दोन शिलिंगांचा दर जाहीर केला आणि तो टिकवण्यासाठी अफाट पैसा ओतला. तो टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया पुन्हा एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास, काही काळ त्याहूनही खाली घसरला.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? घरून शंभर रुपये निघाले. दोन शिलिंगांचा दर असताना ते लंडनला दहा पौंड होऊन पोहोचत. एक शिलिंग चार पेन्सचा दर झाला की तेच शंभर रुपये ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स होत. पाठवणाऱ्याने तितकेच कर्ज काढले, तितकेच दागिने गहाण ठेवले, आणि वाटेतच एक तृतीयांश रक्कम नाहीशी झाली. त्यात युद्धानंतर इंग्लंडमधील महागाई युद्धापूर्वीच्या दुपटीहून अधिक झालेली. आंबेडकरांनी त्या दिवसांत लंडनमध्ये किती काटकसरीने दिवस काढले, हे त्यांच्या चरित्रांतून सर्वांना ठाऊक आहे. उपाहारगृहाचे बिल त्यांच्या वाट्याला फारसे येतच नसावे.

आपले ३/६चे बिल या नव्या काळात पुन्हा मोजून पाहू, किंमत तीच धरून. दोन शिलिंगांच्या दराने शिलिंग म्हणजे अर्धा रुपया, म्हणजे निमकी. साडेतिनाचे अर्धे पावणेदोन रुपये. वर्षभरात दर कोसळला की तेच बिल पुन्हा दोन रुपये दहा आणे. देणाऱ्याच्या खिशातून चौदा आणे जास्त गेले. पण टेबलावरचे साडेतीन पेन्स दोन्ही वेळी साडेतीन पेन्सच आहेत. वेटरच्या हातात काहीच बदललेले नाही. ज्याने बक्षिसी रुपयांत ठरवली त्याने रुपया महाग असताना त्याला जास्त दिले असते आणि रुपया स्वस्त होताच कमी, आणि दोन्ही वेळा वेटरचा त्यात काही संबंध नसता.

याच दिवसांत आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयावरच प्रबंध लिहीत होते, हा इतिहासातला एक सुंदर संयोग आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी शिष्याशी आपले मतभेदही त्याच प्रस्तावनेत मोकळेपणाने नोंदवले. पुस्तकाचा रोख असा की सरकार रुपयाचा पौंडाशी किंवा सोन्याशी असलेला दर सांभाळत बसले आहे, पण सामान्य माणसाला महत्त्वाचे असते ते रुपयात किती वस्तू मिळतात हे. विनिमय दर आणि खरेदीशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी डळमळती ठेवून पहिली फार काळ स्थिर राहत नाही. जेवणाच्या टेबलावरचा पेच आणि चलनधोरणाचा पेच आकाराने कितीही वेगळे असले तरी चूक एकाच जागी होते.

पुढे हिल्टन यंग आयोग आला. डॉ. आंबेडकरांनीही त्यापुढे साक्ष दिली. १९२७ च्या कायद्याने रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधला गेला. सोळा पेन्सचा की अठरा पेन्सचा, यावर त्या काळी मुंबईच्या गिरणीमालकांपासून कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत मोठे रण माजले होते. रुपया महाग झाला की परदेशात कापूस विकून हाती येणारे रुपये कमी होतात, हे जळगावच्या बाजाराला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या नव्या दराने पाऊणकी कायमची निकामी झाली. शिलिंग आता रुपयाचे दोन तृतीयांश, म्हणजे दहा आणे आठ पै, आणि तृतीयांशाचा पाढा मराठी शाळेत नव्हता. पौंड तेरा रुपये पाच आणे चार पै. बिलाचे आणे करायचे तर सगळ्याचे पेन्स करून त्यातून नववा हिस्सा वजा करावा लागे. ३/६चे बेचाळीस पेन्स, त्यांचा नववा हिस्सा पावणेपाचाच्या जरा आत, उरले सव्वासदतीसहून थोडे अधिक आणे. म्हणजे दोन रुपये पाच आणे चार पै. उलट बाजूने मात्र सोपे झाले. रुपयांचे शिलिंग करताना दिडकी चाले, कारण रुपया बरोबर दीड शिलिंगाचा होता. बिल आल्यावर घोळ घालण्यापेक्षा खिशातले रुपये आधीच शिलिंगांत मोजून ठेवणे शहाणपणाचे.

हा दर फार टिकला. १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा रुपयानेही तितकेच केले, म्हणून दोघांतले नाते तसेच राहिले. १९५७ मध्ये भारतात नवे पैसे आले आणि आणे कागदोपत्री संपले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन पौंड २१ रुपयांना गेला. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी इंग्लंडनेही शिलिंग मोडीत काढून पौंडाचे शंभर पेन्स केले. दोन्ही विक्षिप्त कोष्टके अशी पंधरा वर्षांच्या आत गेली.

आज भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतले एखादे मूल इंग्लंडला शिकायला गेले तर त्याच्यापुढे बिल येते ते दशांशात, आणि त्याच्या तळाशी बहुधा साडेबारा टक्क्यांचा ऐच्छिक सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो. साडेबारा टक्के म्हणजे अष्टमांश, म्हणजे जुन्या भाषेत रुपयाला दोन आणे. तो बरोबर लावला आहे का, हे तपासायचे तर रक्कम तीनदा अर्धी करावी. ३६ पौंड ८० पेन्सचे अर्धे १८.४०, त्याचे अर्धे ९.२०, त्याचे ४.६०. एकूण ४१ पौंड ४० पेन्स. पौंड ११० रुपयांचा धरला तर शंभरपट आणि तिचा दहावा हिस्सा मिळवावा. ४१४० अधिक ४१४, म्हणजे ४५५४ रुपये. हा आकडा स्वतःच्या महिन्याच्या खर्चासाठी आहे, वेटरच्या वाट्यासाठी नव्हे.

सर्व्हिस चार्ज बिलात असेल तर वर आणखी काही देण्याची अपेक्षा नसते. बेडेकरच्या काळापेक्षा येथे एक गोष्ट सुधारली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधील कायद्याने ही रक्कम मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, ती कर्मचाऱ्यांत रास्तपणे वाटावी लागते. ‘ऐच्छिक’ असे लिहिलेले असेल आणि सेवा खरोखर वाईट असेल तर ती काढून टाकण्यास सांगताही येते.

शेवटी कार्डाचे यंत्र कधीकधी विचारते की पैसे पौंडांत द्यायचे की रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा असल्यामुळे बोट तिकडे वळते. पण तेथील रूपांतराचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते, आणि तो बहुधा बँकेच्या दराहून महाग असतो. पौंड निवडावा.